श्रावणात घसरलेला बेंच प्रेस: कटिंगमध्ये वहीवरून स्नायू टिकल्याची खात्री कशी केली

पार्श्वभूमी

निखिल (नाव बदललं आहे) छत्तीस वर्षांचा, ठाण्यात राहणारा, बँकेत नोकरी करणारा. चार वर्षं नियमित जिम. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने कटिंग, म्हणजे कॅलरी कमी करून चरबी उतरवणं, सुरू केलं तेव्हा वजन ८३.४ किलो होतं आणि बेंबीपाशी कंबर ९६ सेंटीमीटर. गणपती येईपर्यंत वजन ७७ च्या आसपास आणायचं, मात्र चार वर्षांत कमावलेली ताकद घालवायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मी त्याचं वेळापत्रक आणि नोंदी बघत होतो.

आहार साधा होता. वजन स्थिर राहायला त्याला दिवसाला साधारण २४५० कॅलरी लागत, त्या १९५० वर आणल्या. चार अंडी, दोनशे ग्रॅम चिकन, व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप, दोन वाट्या वरण, चार चपात्या आणि दही धरून प्रोटीन १३० ग्रॅमच्या आसपास जात होतं. शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. कटिंगमध्ये साधारण १.६ ते २.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे तो खालच्या काठावर होता, पण ठीक.

व्यायाम आठवड्यातून चार दिवस. सोमवारी बेंच प्रेस आणि रो, मंगळवारी स्क्वॉट, गुरुवारी इनक्लाइन डंबेल प्रेस आणि पुलअप, शुक्रवारी रोमानियन डेडलिफ्ट. सगळं संध्याकाळी सातला, ऑफिसहून थेट.

वहीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा निवाडा तिच्यावरच झाला. निखिल आधीही नोंद ठेवायचा, पण आपल्याकडच्या जिमच्या पद्धतीने: "बेंच, साइडला तीस". रॉड किती किलोचा, याचा पत्ता नाही. त्याच्या जिममध्ये दोन रॉड आहेत, एक वीस किलोचा आणि एक पंधराचा, लांबून सारखेच दिसणारे. एखाद्या दिवशी हातात दुसरा आला की वहीत तोच आकडा राहतो आणि प्रत्यक्षात पाच किलोचा फरक पडलेला असतो. म्हणून पहिला नियम: वजन रॉडसकट लिहायचं, आणि रॉड तोच वापरायचा. दुसरा: प्रत्येक सेटचे रेप्स, म्हणजे वजन किती वेळा उचललं ते, वेगवेगळे लिहायचे. तिसरा: सेट संपल्यावर अजून किती रेप्स झाले असते, त्याचा अंदाज 'रा.' म्हणजे राखीव म्हणून लिहायचा. हा तिसरा रकाना लोक गाळतात. पण आठ रेप्स मारून दोन राखीव असणं आणि आठव्यालाच श्वास कोंडणं, या दोन्हींची नोंद नुसती "८" अशी झाली तर ताकद कमी होत चालल्याचं कळायला दोन-तीन आठवडे जास्त लागतात.

पहिल्या आठवड्यातली एक ओळ जशीच्या तशी:

सोम, सं. ७.१०. बेंच ८० (रॉडसकट). ८, ८, ७. रा. १. विश्रांती ३ मि. झोप साडेसहा तास.

अडचण

पहिले आठ आठवडे काही घडलंच नाही म्हणायला हरकत नाही. वजन ७८.९ वर आलं, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोहून थोडं जास्त. बेंच ८० किलोवर ८, ७, ७. अशा वेळी वहीत काहीही रंजक नसणं हीच चांगली बातमी असते.

नवव्या आठवड्यात श्रावण लागला. त्या सोमवारचा बेंच ८, ७, ६ होता. दहाव्या आठवड्यात ६, ५, ५. अकराव्यात ५, ५, ४, आणि राखीव शून्य. त्याच संध्याकाळी व्यायामाआधी त्याने जिममधल्या शरीरघटक मोजणाऱ्या मशीनवर उभं राहून पाहिलं होतं. जूनमध्ये मशीनने स्नायू ३४.१ किलो दाखवले होते, आता ३२.६. रात्री त्याने मला वहीच्या पानाचा आणि मशीनच्या पावतीचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "सर, दीड किलो मसल गेले. थांबवू का?"

आकड्यात बघायचं तर घसरण लहान नव्हती. वेगवेगळ्या रेप्सची तुलना करायला एक जुनं सूत्र वापरतात: वजन × (१ + रेप्स ÷ ३०). त्यातून एका रेपला जास्तीत जास्त किती उचलता येईल याचा अंदाज मिळतो. ८० किलोचे आठ रेप्स म्हणजे साधारण १०१ किलो, पाच रेप्स म्हणजे ९३. आठ टक्के ताकद तीन आठवड्यांत गेली. एखादा रेप इकडेतिकडे झाला तर मी बघतही नाही, तो अडीच टक्क्यांचा फरक असतो आणि लोकल उशिरा आली, झोप झाली नाही, एवढ्यानेही पडतो. पण लागोपाठ दोन आठवडे, पहिल्याच सेटला, दोन-तीन रेप्सची घट म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

वहीत काय दिसलं

इथे पहिला निर्णयाचा टप्पा होता. निखिल एका व्यायामाचा आलेख बघत होता. मी त्याला म्हटलं, पान उलट आणि गुरुवार बघ.

गुरुवारचा इनक्लाइन डंबेल प्रेस जूनमध्ये २६ किलोच्या डंबेल्सवर ९, ८, ८ होता. दहाव्या आठवड्यात ९, ८, ८. अकराव्या आठवड्याचा गुरुवार यायचा होता. छाती, पुढचा खांदा आणि ट्रायसेप्स, हेच स्नायू सोमवारीही काम करतात आणि गुरुवारीही. छातीचे स्नायू खरोखर झिजले असते तर ते फक्त सोमवारी झिजलेले आणि गुरुवारी शाबूत, असं होत नाही. उलट सोमवारी बेंचशिवाय जे होतं, तेही खाली आलेलं दिसलं: रो ६५ किलोवर १० चे ८ झाले होते, आणि रो तर पाठीचा व्यायाम. म्हणजे घसरण एका स्नायूची नव्हती, एका वाराची होती.

मंगळवारचा स्क्वॉट १०० किलोवर ६, ६, ६ चा ६, ६, ५ झाला होता. ते चालण्यासारखं.

पुलअपची गंमत वेगळी. जूनमध्ये ६ निघत होते, आता ९. निखिल त्यावर खूश होता आणि गोंधळलेलाही, की एकीकडे मसल जातात आणि दुसरीकडे पुलअप वाढतात कसे? पण पुलअपमध्ये वजन म्हणजे आपणच. ८३.४ किलोचे ६ रेप्स वरच्या सूत्रात घातले की साधारण १०० येतात. ७७.६ किलोचे ९ रेप्स घातले की १०१. ताकद जिथल्या तिथे आहे, ओझं तेवढं हलकं झालंय. पुलअप वाढले म्हणून ताकद वाढली असं समजू नये, पण ते शरीराच्या वजनासह हिशेब करून जुळतायत, याचा अर्थ पाठीचा आणि दंडाचा स्नायू बहुधा जागेवर आहे. कटिंगमध्ये पुलअपशेजारी त्या दिवशीचं वजन लिहिलं नाही तर ती नोंद निरुपयोगी ठरते.

मग सोमवारी काय होत होतं? वहीत शेवटच्या जेवणाचा रकाना नव्हता, म्हणून विचारावं लागलं. श्रावणी सोमवार! सकाळी चहा, अकराला साबुदाण्याची खिचडी, दुपारी एक केळं, परत चहा, पाणी जेमतेम. सात वाजता बेंच, आणि उपास सुटायचा घरी गेल्यावर नऊला. पहिल्या श्रावणी सोमवारी फारसं जाणवलं नव्हतं, त्याचंही कारण निघालं: आदल्या दिवशी रविवारी गटारी होती आणि मटण-भाताने स्नायूंतला साखरेचा साठा तुडुंब होता. पुढच्या दोन सोमवारी तो आधार नव्हता.

दुसरी गोष्ट मात्र उपासापेक्षा जास्त काळजीची होती. श्रावण लागल्यापासून घरात चिकन बंद, अंडी बंद. कॅलरी १९५० च होत्या, कारण त्याने त्या जागी एक भाकरी वाढवली होती आणि राजगिऱ्याचे लाडू आले होते. पण प्रोटीन १३० वरून ७५ ग्रॅमच्या आसपास उतरलं होतं. नेहमी कॅलरीच मोजणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येत नाही.

मशीनबद्दल: ते शरीरातून अगदी क्षीण वीज सोडतं आणि तिला किती अडथळा होतो ते मोजतं. त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतं आणि पाण्यावरून स्नायूंचा. स्नायूत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे त्या साखरेच्या साठ्याबरोबर, साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. जूनचं मोजमाप रविवारी सकाळी उठल्यावरचं होतं, आणि हे दिवसभर उपास करून, घोटभर पाण्यावर, संध्याकाळचं. ही दोन मोजमापं शेजारी ठेवण्याच्या लायकीचीच नव्हती.

समोरचे पर्याय

निखिलच्या डोक्यात पहिला पर्याय कटिंग तिथेच थांबवण्याचा होता. तो वाईट नव्हता. लक्ष्य किलोभरावर आलं होतं. पण खरं कारण न शोधता थांबलो असतो तर "मला ७८ च्या खाली मसल टिकत नाही" असा चुकीचा धडा घेऊन तो पुढची काही वर्षं वावरला असता. असे लोक मी पाहिले आहेत.

दुसरा पर्याय जिममधल्या ट्रेनरने सुचवला: "भाऊ, कटिंगमध्ये हेवी मारायचंच नाही, साठवर पंधरा-पंधरा मार, कट्स येतील." हा सल्ला आपल्याकडे इतका मुरलाय की त्यावर वाद घालायला लोक तयार नसतात. पण कॅलरी कमी असताना स्नायूला टिकून राहायचं कारण हेच असतं, की त्याच्यावर अजूनही तेवढंच ओझं पडतंय. कमी करायचे तर सेट कमी करावेत, वजन नव्हे. शिवाय आमच्या दृष्टीने आणखी एक तोटा होता. ८० वरून ६० वर गेलो की जूनपासूनच्या नोंदींशी तुलनाच संपते. मग पुढे काही घसरलं तरी कळायला मार्ग उरत नाही. (ट्रेनरने याच दमात फॅट बर्नरचा डबाही सुचवला होता. त्याचा विचार केला नाही.)

तिसरा पर्याय, काहीच न बदलता श्रावण संपायची वाट बघणं. बेंचपुरता तो चालला असता. प्रोटीनपुरता नाही. कॅलरीची तूट चालू असताना आणखी दोन-अडीच आठवडे ७५ ग्रॅमवर काढणं म्हणजे ज्याची भीती होती तेच हळूहळू घडू देणं.

उपास सोडण्याचा पर्याय मी मांडलाच नाही. तो त्याच्या घरचा आणि श्रद्धेचा भाग आहे, आणि आठवड्यातला एक उपास स्नायू खात नाही.

काय केलं

बारावा आठवडा सुरू होण्याआधी वार बदलले. सोमवार सुट्टी, मंगळवारी स्क्वॉट, बुधवारी बेंच आणि रो, शुक्रवारी रोमानियन डेडलिफ्ट, शनिवारी इनक्लाइन आणि पुलअप. बेंच आणि इनक्लाइन लागोपाठच्या दिवशी येऊ दिले नाहीत, नाहीतर दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या थकव्याने पडला असता आणि आमचा पडताळाच गेला असता. बेंचचे सेट तीनचे दोन केले, वजन ८० च ठेवलं.

प्रोटीनसाठी पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स, शंभर ग्रॅम पनीर आणि व्हेचा दुसरा स्कूप. एवढ्याने ६५ ग्रॅमच्या वर भर पडते. वाढीव भाकरी आणि लाडू काढले, पनीर तेलात न परतता तसंच खायचं ठरलं आणि कॅलरी पुन्हा १९५० वर बसवल्या. सोमवारी व्हे चालेल का, हा प्रश्न घरात निघाला. दुधापासूनच बनतं म्हटल्यावर आईने हरकत घेतली नाही.

दुसरा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा निर्णय म्हणजे हरलो हे कधी मानायचं ते आधीच लिहून ठेवणं. वहीच्या त्या पानावर निखिलने स्वतःच्या हाताने लिहिलं: बुधवारी नीट जेवून आल्यावर पहिल्या सेटला ८० वर ७ निघाले नाहीत, आणि इनक्लाइनही लागोपाठ दोन वेळा ७ किंवा खाली गेला, तर कटिंग बंद आणि त्याच दिवसापासून २४५० कॅलरी. दोन्ही घडायला हवं, एकाने नाही. हे आधी लिहिलेलं नसलं की आकडा वाईट आल्यावर माणूस त्याला कारणं चिकटवतो, आणि चांगला आल्यावर तपासत नाही.

वहीत एक रकाना वाढला: शेवटचं जेवण, किती वाजता आणि काय.

निष्पत्ती

अकराव्या आठवड्याचा गुरुवार, अजून जुन्याच वारांनी, इनक्लाइन ९, ८, ७. बाराव्या आठवड्याच्या बुधवारी बेंच ७, ७. नोंद अशी आहे: "शेवटचं जेवण ४.३०, दोन चपात्या, पनीर, दही. रा. १." तेराव्या आठवड्यात ८, ७. रो पुन्हा १० वर.

झिजलेला स्नायू आठ-दहा दिवसांत भरून येत नाही, तेही कॅलरीची तूट चालू असताना. म्हणून पहिल्या सेटच्या गेलेल्या तीन रेप्सपैकी दोन एवढ्या लवकर परतले, यावरून ती घसरण स्नायू गेल्याची नव्हती, रिकाम्या पोटाची आणि कमी पाण्याची होती, असं मी धरतो. सेट कमी केल्याने त्याच दिवशीच्या पहिल्या सेटवर परिणाम होत नाही, त्यामुळे तुलना पहिल्या सेटचीच केली.

गणपतीच्या आधी वजन ७६.८, कंबर ८७.५. साडेसहा किलोच्या वर वजन गेलं आणि बेंच, रो, इनक्लाइन, पुलअप जूनच्या जागी. स्क्वॉट मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत १०० वर ५ वर आला, सूत्राने तीन टक्क्यांच्या आत. तो काही वारामुळे किंवा उपासामुळे नव्हता, मंगळवारी पोटात अन्न असायचं. थोडा साठलेला थकवा, थोडं पोट-मांड्यांचं वजन कमी झाल्याने बदललेला तोल, आणि कदाचित थोडा स्नायूही. वेगळं करून सांगता येत नाही. २४५० कॅलरीवर परत आल्यावर (मोदक धरून बहुधा त्याहून जास्तच) तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा ६ झाला.

मशीनवर जूनसारखंच रविवारी सकाळी, उठल्यावर पुन्हा मोजलं. ३३.७. मी त्यालाही फार महत्त्व दिलं नाही, पण निखिलला बरं वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

बाराव्या आठवड्यात वार, प्रोटीन आणि सेट तिन्ही एकदम बदलले. व्यवहार म्हणून ते बरोबर होतं, कारण प्रोटीन आणखी आठवडाभर तसंच ठेवणं परवडणारं नव्हतं. पण त्यामुळे बेंच नेमका कशाने परतला, हे वहीवरून सिद्ध होत नाही. वार हेच मुख्य कारण असल्याचा माझा अंदाज गुरुवारच्या आकड्यांवर उभा आहे. त्या काळात प्रोटीन गुरुवारीही कमीच होतं, तरी इनक्लाइन टिकला होता.

कटिंगआधीच्या नोंदींत रॉडचं वजन आणि राखीव रेप्स लिहिलेले नव्हते, म्हणून कटिंगचा पहिला आठवडा हाच पाया धरावा लागला. तेव्हा कॅलरी आधीच उतरल्या होत्या. पूर्ण खाण्यावर, नव्या पद्धतीने दोन-तीन आठवडे नोंद करून मग कटिंग सुरू केलं असतं तर पाया पक्का झाला असता. श्रावण कधी लागणार हेही कॅलेंडरवर जूनमध्येच दिसत होतं. सोया-पनीरची व्यवस्था आणि सोमवारची सुट्टी आठव्या आठवड्यात लावता आली असती.

या पद्धतीची मर्यादाही निखिलच्या बाबतीत लक्षात ठेवावी लागेल. त्याची चार वर्षांची सवय होती, बेंच आणि स्क्वॉटची पद्धत पक्की झालेली होती, म्हणून आकडा टिकणं म्हणजे स्नायू टिकणं असं बऱ्यापैकी म्हणता आलं. सहा महिने जिमला जाणाऱ्याची ताकद नुसत्या सरावाने वाढत असते. त्याच्या वहीत आकडे वर जात असताना स्नायू थोडा गेला तरी झाकला जाईल. आणि जे स्नायू वहीत नाहीत त्यांच्याबद्दल वही गप्प असते. निखिल पोटऱ्यांचा व्यायाम करत नाही, त्यांचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. पुढच्या वेळी मांडी, पोटरी आणि दंड महिन्यातून एकदा टेपने, सकाळी, त्याच जागी खूण करून मोजायचं ठरलं आहे. चिकनशिवायच्या दिवसांसाठी प्रोटीनचा हिशेब त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय, मार्गशीर्षातल्या गुरुवारांसकट.